ओटीपी आलाच नाही की आला पण दिसला नाही?

रामबागेतल्या काकूंचा परवा फोन आला. "अरे, सकाळपासून बँकेचा ओटीपीच येत नाहीये, बहुतेक सिम खराब झालं." इंदूरमध्ये अशा वेळी लोक थेट सिमच्या दुकानात जातात. पण 'येत नाही' म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात: मेसेज फोनपर्यंत पोचलाच नाही, किंवा पोचून लपला. दोन्हींचे उपाय अगदी निराळे आहेत.

ओळखायचं कसं? दुसऱ्या फोनवरून त्याच नंबरवर साधा एसएमएस करून बघा. व्हॉट्सॲप चालतंय म्हणून नेटवर्क ठीक आहे, असं धरू नका. ते वाय-फायवरही चालतं, ओटीपी मात्र सिमच्या नेटवर्कवरून येतो.

साधा एसएमएसही आला नाही, तर अडचण नेटवर्कची, सिमची किंवा रिचार्जची. वैधता संपून बरेच दिवस झाले की येणारे मेसेजही बंद होतात. एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा, म्हणजे फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल, तर पहिले 24 तास एसएमएस बंदच असतात. चोराने तुमच्या नावाचं सिम काढलं, तर त्याला ओटीपी मिळू नये म्हणून ही सोय आहे. तिथे थांबण्यावाचून इलाज नाही.

काकूंना मी पाठवलेला एसएमएस लगेच आला. म्हणजे सिम ठणठणीत होतं. मग बँकेच्या पानावर दिसणारे नंबरचे शेवटचे आकडे पाहिले, तेही त्यांच्याच सिमचे. तेव्हा मेसेजच्या ॲपमध्ये वर उजवीकडच्या गोलावर टिचकी मारून `Spam & blocked` उघडलं. सकाळपासूनचे चारही ओटीपी तिथे एकाखाली एक बसलेले! महिन्याभरापूर्वी बँकेचा केवायसीचा मेसेज फसवणुकीचा वाटून काकूंनी त्याला स्पॅम ठरवलं होतं. त्यांची भीती रास्त होती, पण त्या नावाने आलेले पुढचे सगळे मेसेज तिथेच जात राहिले. ब्लॉक काढल्यावर पाचवा ओटीपी समोर आला.

इथे एक चकवा आहे. पाठवणाऱ्याच्या नावाआधी `VM-`, `AD-` अशी दोन अक्षरं असतात. मेसेज कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवरून निघाला, त्यानुसार ती बदलतात. त्यामुळे एकच रूप ब्लॉक असेल, तर ओटीपी कधी येतो, कधी नाही, आणि आपण नेटवर्कला दोष देत बसतो.

'डीएनडी'चाही असाच घोळ होतो. 1909 वर नोंदवलेला डीएनडी जाहिराती अडवतो, ओटीपी अडवत नाही. फोनमधला त्याच नावाचा मोड फक्त आवाज आणि सूचना दाबतो. मेसेज इनबॉक्समध्ये असतोच.

शोधाशोध करताना 'पुन्हा पाठवा' सारखं दाबू नका. नवा ओटीपी निघाला की बहुतेक ठिकाणी जुना रद्द होतो. अडकलेले चार एकदम आले, तर सगळ्यात शेवटी मागवलेलाच टाका.