घरचं शुगर मशीन आणि लॅबचा रिपोर्ट

"घरच्या मशीनवर १७८, लॅबमध्ये १६०. म्हणजे मशीन बिघडलंय, त्यावर विसंबू नका."

आधी हिशेब बघू. लॅबचा आकडा १०० किंवा जास्त असेल तर १५ टक्के फरक मान्य असतो. १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम. १६० चे १५ टक्के म्हणजे २४. तेव्हा १३६ ते १८४ पर्यंत काहीही चालतं, म्हणजे १७८ सुद्धा.

मशीन बोटाचं रक्त तपासतं, लॅब शिरेतलं. जेवणानंतर पेशी साखर उचलत असतात, म्हणून शिरेत ती कमी सापडते; उपाशीपोटी दोन्ही जवळपास सारखीच. शिवाय नळीतलं रक्त तसंच पडून राहिलं तर रक्तपेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर संपवतात.

ताडून बघायचं तर उपाशीपोटी, लॅबमध्येच, शिरेतलं रक्त दिल्यावर पाच मिनिटांत बोट टोचा. हात साबणानं धुऊन कोरडे करा. आपल्याकडे घरोघरी गुळाची ढेप. गूळ फोडलेलं बोट तसंच टोचलं तर आकडा भलताच चढतो. अशी नीट तपासणी करूनही दोन-तीनदा फरक मर्यादेबाहेर गेला, तर पट्ट्यांची मुदत बघा आणि कंट्रोल सोल्यूशनचा, म्हणजे मशीन तपासायच्या ठरावीक साखरेच्या द्रावणाचा, थेंब टाकून पट्ट्यांच्या डबीवरच्या आकड्यांशी जुळतं का पाहा.