नखबुरशी

पायाच्या नखात, बहुधा अंगठ्याच्या, बुरशी शिरून नख जाड, पिवळे आणि ठिसूळ होण्याचा विकार. वैद्यकीय नाव ओनायकोमायकोसिस. ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी त्याला सर्वाधिक कारणीभूत असते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या करणारी बुरशीही बहुतेक वेळा हीच. ती नखाच्या पुढच्या कडेखालून शिरते आणि मुळाकडे सरकत जाते. नख कापताना खालून कोरडा भुसा निघतो.

मात्र बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांतच बुरशी सापडते. सोरायसिसमुळे किंवा घट्ट बुटांच्या दाबानेही नख असेच दिसते. म्हणून महिनोन्‌महिने औषध घेण्याआधी नखाखालचा भुसा तपासून घ्यावा. तो चांगल्या नखाला लागून असलेल्या भागातून खरवडावा लागतो. टोकाचा तुकडा दिला तर बुरशी असूनही अहवाल ‘नाही’ येऊ शकतो.

प्रौढांमध्ये मुख्य औषध टर्बिनाफिन: रोज २५० मिलिग्रॅमची एक गोळी, १२ आठवडे. त्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात. यकृताचा आजार असलेल्यांना ही गोळी देत नाहीत.

गोळ्या संपतात तेव्हा नख बरे दिसत नाही, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख १६ मिलिमीटर लांब धरले, तर तीन महिन्यांत मुळाशी जेमतेम साडेचार मिलिमीटर नवे नख आलेले असते. पुढचे सगळे जुने, पिवळेच. औषध नखात पुढे काही महिने टिकून राहते आणि पूर्ण नख बदलायला १२ ते १८ महिने लागतात. चांगल्या आणि पिवळ्या भागाच्या सीमेवर कानशीने बारीक खूण करून ठेवावी. खूण पुढे सरकली आणि तिच्यामागे नख स्वच्छ राहिले, तर उपचार लागू पडतो आहे. पिवळेपणा खुणेच्या मागे मुळाकडे सरकला, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

बरे होण्याचे आकडे वाचताना ‘बरे’ कशाला म्हटले आहे ते पाहावे. टर्बिनाफिनच्या मूळ चाचण्यांत सुमारे ७० टक्के रुग्णांच्या नखांत तपासणीत बुरशी सापडली नाही. पण बुरशी गेली आणि नखही पूर्ण निर्मळ झाले, असे ३८ टक्केच होते. बुरशी गेलेल्या बाकीच्यांचे नख थोडे जाड किंवा वाकडे राहिले. इट्राकोनॅझोलमध्ये हा दुसरा आकडा १४ टक्के आहे. वर्षभर लावायच्या एफिनॅकोनॅझोल द्रावणात तो १५ ते १८ टक्के, तर नेलपॉलिशसारख्या लावायच्या सायक्लोपिरॉक्स लॅकरमध्ये दहाच्याही खाली. नुसते लॅकर लावायचे तर ते नखाचा थोडाच भाग बिघडलेला असताना. मुळापर्यंत गेलेल्या जाड नखावर त्याची मात्रा क्वचितच चालते. जाडी कानशीने किंवा ४० टक्के युरिया मलमाने कमी केली, तर औषध आत पोचायला मदत होते.

बऱ्या झालेल्यांतही बऱ्याच जणांना पुढच्या काही वर्षांत नखबुरशी पुन्हा होते. अनेकदा ती न बऱ्या केलेल्या चिखल्यांतूनच परतते, म्हणून नखाबरोबर त्वचेवरही बुरशीनाशक मलम लावतात. मधुमेह असेल तर जाड नख घरी कोरू नये. संवेदना बोथट झाल्यामुळे जखम झाली तरी कळत नाही.