रिझोल्यूशन प्लॅनमध्ये तुमच्या हातात नक्की किती येणार, हे कसं वाचायचं

बातमीत येतं की दिवाळखोरी कायद्यात गेलेल्या कंपनीवरच्या ४०० कोटींच्या क्लेमवर १५० कोटींचा प्लॅन, म्हणजे नव्या मालकाचा कंपनी घेऊन देणी फेडायचा आराखडा, पास झाला, आणि माल पुरवलेला माणूस लगेच हिशोब मांडतो की आपले १० लाख अडकलेत म्हणजे पावणेचार लाख तरी येतील. असं होत नाही, आणि ही निराशा मी इतक्या सप्लायर लोकांच्या चेहऱ्यावर बघितलीय की म्हटलं एकदा नीट लिहावं.

आधी आपण कुठल्या वर्गात ते बघा. बँक आणि कर्ज देणारे फायनान्शियल क्रेडिटर, त्यातले ज्यांच्याकडे तारण ते सिक्युअर्ड. माल, सर्व्हिस देणारे ऑपरेशनल क्रेडिटर, त्यांचा क्लेम फॉर्म बी मध्ये जातो, सोबत इनव्हॉइस, पीओ, डिलिव्हरी चलन, लेजर, बँक स्टेटमेंट. कामगार, बाकी कर्मचारी आणि सरकारी देणी यांच्या ओळी वेगळ्या. क्रेडिटर लिस्टमध्ये तुमचा ॲडमिटेड, म्हणजे मान्य झालेला आकडा शोधा, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर चालतो, तुम्ही मागितलेल्यावर नाही. १० लाख मागितले आणि व्याज किंवा वादातली बिलं कापून ७ लाख ॲडमिट झाले तर पहिला हेअरकट, म्हणजे पहिली कपात, तिथेच बसली.

अख्खा प्लॅन तुम्हाला मिळेलच असं नाही, पण प्लॅन मंजूर करणाऱ्या एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाच्या मंजुरीच्या ऑर्डरमध्ये बहुतेक वेळा वर्गवार तक्ता असतो. आता एक काल्पनिक कंपनी घेऊ. ॲडमिटेड क्लेम सिक्युअर्ड बँकांचे ३००, अनसिक्युअर्ड ३०, ऑपरेशनल ५०, कामगार ८, सरकारी १२, एकूण ४०० कोटी. प्लॅन १५० कोटींचा. पण त्यातले ३० कोटी नवा मालक कारखान्यातच घालणार, ते क्रेडिटरला मिळत नाहीत. प्रोसेसचा खर्च ६ कोटी सगळ्यात आधी जातो. उरले ११४. म्हणजे साडेसदतीस टक्के वाटत होते ते साडेअठ्ठावीसच निघाले.

आता हे ११४ वाटले कसे तर बँकांना १००, कामगारांना पूर्ण ८, अनसिक्युअर्डला ३, ऑपरेशनलला अडीच, सरकारला अर्धा कोटी. ऑपरेशनलला ५ टक्के, हेअरकट ९५. तुमच्या ७ लाखांचे ३५ हजार.

हे बेकायदेशीर नाही का, असं सगळे विचारतात. दिवाळखोरी कायद्यातलं किमान बघा, कलम ३०(२). कंपनी विकून कलम ५३ च्या क्रमाने वाटलं असतं तर ऑपरेशनलला किती आले असते, किंवा प्लॅनचीच रक्कम त्या क्रमाने वाटली तर किती, यात जे जास्त ते किमान. क्रमात खर्चानंतर सिक्युअर्ड आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी बरोबरीने येतात, त्यांचेच ३०० च्या वर आहेत, ११४ तिथेच संपतात. म्हणजे किमान शून्य. अडीच कोटी त्याच्या वरच आहेत. मत देते कमिटी ऑफ क्रेडिटर्स, त्यात मतं मुख्यतः फायनान्शियलची, ६६ टक्के लागतात, आणि पैसे कसे वाटायचे ही कमिटीची व्यावसायिक समज आहे, त्यात शिरायला कोर्टाला फार कमी जागा असं सुप्रीम कोर्टाने एस्सार स्टील प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलंय.

मग तारखा. बँकांचे १०० म्हणजे ४० सुरुवातीला, ३० वर्षाअखेर, ३० दोन वर्षांनी. १२ टक्क्यांनी आजची किंमत काढली तर साधारण ९१ कोटी, म्हणजे हेअरकट ६७ नाही तर ७० च्या आसपास. ऑपरेशनलला नियमाने फायनान्शियलच्या आधी पैसे द्यावे लागतात, हे बरं आहे, पण "इफेक्टिव्ह डेटपासून ३० दिवसांत" असं लिहिलं असेल तर व्याख्यांच्या पानावर जाऊन इफेक्टिव्ह डेट काय ते वाचाच. कधी ती ऑर्डरची तारीख असते, कधी सगळ्या परवानग्या मिळाल्यानंतरची, आणि मग ते ३० दिवस कधी सुरू होतील सांगता येत नाही.

अटींमध्ये मी तीन गोष्टी बघते. प्लॅन देणारा अर्जदार कलम २९ए खाली पात्र आहे का. परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे प्लॅन पाळण्याची हमी रक्कम, दिलीय का आणि कुणाची देखरेख आहे. आणि मागितलेल्या सवलती, म्हणजे टॅक्समाफी वगैरे, नुसती विनंती आहे की त्या नाही मिळाल्या तर पैसे थांबतील असं लिहिलंय. मंजुरीनंतरही प्लॅन कोसळतो, जेट एअरवेजचा अंमलात आला नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडीत काढून विकायचा आदेश दिला.

ऑर्डरला हरकत असेल तर एनसीएलएटी या वरच्या न्यायाधिकरणाकडे अपील ३० दिवसांत, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात, आणि "टक्के कमी दिले" एवढं कारण चालत नाही, तुमचं देणं कायद्याप्रमाणे धरलंच नाही असं काही दाखवावं लागतं. क्लेमच भरला नसेल आणि प्लॅनमध्ये तुमची ओळच नसेल तर मंजुरीनंतर ते देणं संपतं, नव्या मालकाकडे मागता येत नाही.