आवाज समुद्राकडे वळवायचा तर

गुहागरचा किनारा जवळपास सरळ दक्षिणोत्तर. आमच्या खळ्यात दोन बांबूंवर मी दोन उभे अँटेना बांधले, तेही दक्षिणोत्तर रेषेत. वापरायची होती हॅमवाल्यांची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, १४५ मेगाहर्ट्झ ही वारंवारता. तिची तरंगलांबी साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर, म्हणून दोघांत अंतर ठेवलं तिच्या निम्मं, १०३ सेंटिमीटर. एकाच सेटमधून निघालेल्या दोन सारख्या लांबीच्या केबल दोघांना जोडल्या, म्हणजे दोघांत विजेची लाट एकाच क्षणी वर जाते, एकाच क्षणी खाली येते.

आता पश्चिमेला, दूर समुद्रात होडी उभी आहे असं धरा. दोन्ही अँटेना तिच्यापासून सारख्याच अंतरावर. दोघांचे तरंग एकदम पोचतात, शिखरावर शिखर पडतं आणि तिथे प्रारण सर्वांत जास्त. तेवढीच शक्ती एका अँटेनाला देऊन मिळालं असतं, त्याच्या दुपटीहून थोडं अधिकच.

होडी उत्तरेला नेली तर? दक्षिणेकडच्या अँटेनाच्या तरंगाला १०३ सेंटिमीटर, म्हणजे नेमकी अर्धी तरंगलांबी, जास्त चालावं लागतं. त्याचा खळगा दुसऱ्याच्या शिखरावर येतो आणि दोघं एकमेकांना पुसून टाकतात. मधल्या दिशांना काय होतं? पश्चिमेपासून ३० अंश वळलात तर फरक पाव तरंगलांबीचा होतो आणि शक्ती कमाल शक्तीच्या बरोबर निम्मी उरते. म्हणजे झोत चांगला ६० अंश रुंद. होडीचा नेम धरत बसावं लागत नाही.

अंतर पूर्ण तरंगलांबीएवढं केलं असतं, तर उत्तर-दक्षिणेलाही शिखरं जुळून तिकडेही तेवढाच आवाज गेला असता.

पहिल्या दिवशी मात्र उलटंच झालं. मित्र होडीतून हॅन्डसेट घेऊन समोर गेला, तर काही ऐकूच येईना. किनाऱ्यावर उत्तरेला बसलेल्या दुसऱ्याला खणखणीत. दोनपैकी कुठलाही एक अँटेना सोडवला की होडीत आवाज यायचा, दोन्ही जोडले की गप्प! तेव्हा कळलं. एका अँटेनात केबलची मधली तार मी वरच्याऐवजी खालच्या दांडीला डाखली होती आणि बाहेरची जाळी वरच्या दांडीला. त्यामुळे तो उलट्या लयीत हलत होता आणि सगळी गणितं ९० अंशांनी फिरली होती. डाख सुधारल्यावर होडीतला काटा वर गेला. उत्तरेला मात्र आवाज पूर्ण मेला नाही, कारण पत्र्याच्या छपरावरून आपटून थोडे तरंग तिकडे जातातच.

एक दुखणं राहिलंच. पश्चिम आणि पूर्व या जोडीला सारख्याच, त्यामुळे निम्मी शक्ती सह्याद्रीला ऐकवतो आहोत. ती थांबवायची तर अँटेना पूर्व-पश्चिम रेषेत, पाव तरंगलांबीवर उभे करून समुद्राकडच्याला पाव आवर्तन उशिरा हलवावं लागेल. ते बांबू आता पावसाळ्यानंतर.