'क्रॉस रोड ब्लूज' आणि 'क्रॉसरोड्स': नाव जवळपास एकच, गाणी दोन

क्रीम या इंग्लिश बँडचं 'क्रॉसरोड्स' म्हणजे अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनचं 'क्रॉस रोड ब्लूज'च, फक्त जोरात वाजवलेलं, असं बरेच जण समजतात. एकापाठोपाठ एक ऐकलीत तर पहिल्या दहा सेकंदांत फरक कळतो.

जॉन्सनने आपलं गाणं नोव्हेंबर 1936 मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत, हॉटेलच्या खोलीत रेकॉर्ड केलं. तो एकटाच. खालच्या तारांवर ताल, वरच्या तारांवर स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी तारेवर घसरवत काढलेले सूर, आणि ही स्लाइड गाण्याच्या ओळीला उत्तर देते. साथीला कोणी नसल्यामुळे सम कुठे यायची हे तोच ठरवतो. कधी ओळीच्या शेवटी थोडा रेंगाळतो, कधी मात्रा गिळून पुढे जातो. मोजत बसलात तर चुकाल.

क्रीमची प्रसिद्ध आवृत्ती मार्च 1968 मधली, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमधल्या मैफलीतली. तिघे मिळून वाजवायचं तर असं रेंगाळणं परवडत नाही. क्रीमचा गिटारवादक एरिक क्लॅप्टनने मूळ गिटारमधून एक ठसठशीत रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट काढली, स्लाइड बाजूला ठेवली आणि सगळं बारा बारच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा गटांच्या पक्क्या आवर्तनात बसवलं. त्यामुळे जॉन्सनची मोकळीक गेली. पण आवर्तन ठरलेलं असल्याने त्यावर लांबलचक सोलो घेता आले, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते सोलोच.

शब्दही बदलले. जॉन्सनच्या गाण्यात माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची दया मागतो, गाडी थांबवायला हात करतो, कोणी ओळख देत नाही आणि सूर्य मावळतो. (सैतानाला आत्मा विकल्याची कथा लोकांनी नंतर चिकटवली, गाण्यात सैतान कुठेच नाही.) जॉन्सन मिसिसिपीचा, आणि तेव्हा तिथे काळ्या माणसाने अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर असणं धोक्याचं होतं. क्रीमच्या गाण्यात सूर्यास्त नाही. त्याऐवजी जॉन्सनच्याच दुसऱ्या गाण्यातलं, मैत्रिणीला घेऊन मिसिसिपीतल्याच रोझडेल गावाला जाण्याचं कडवं आलं. भीती ओसरली, प्रवासाची मजा आली. मला हा बदल सोलोपेक्षा मोठा वाटतो.

जॉन्सन 1938 मध्ये 27व्या वर्षी वारला. त्याच्या तबकड्या तेव्हा काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या वर्गात विकल्या जात. 1961 मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्यांचा एलपी काढला, तो इंग्लंडमधल्या पोरांनी घोटून घोटून ऐकला. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांची आवड तोवर सोल संगीताकडे वळली होती, आणि बहुतेक गोऱ्यांनी हे संगीत ऐकलंच नव्हतं. क्रीमचं 'क्रॉसरोड्स' 1969 मध्ये तिथल्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 28व्या क्रमांकापर्यंत गेलं, ते याच गोऱ्या श्रोत्यांच्या जोरावर.

श्रेयाबाबत मात्र क्रीम प्रामाणिक राहिले: तबकडीवर रचनाकार म्हणून जॉन्सनचंच नाव छापलं, क्लॅप्टनचं फक्त मांडणीसाठी. तरी पैसे नेमके कोणाला, हा वाद कितीतरी वर्षं चालला. जॉन्सनचा मुलगाच त्याचा वारस आहे, यावर मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं ते 2000 साली.