पन्नाशीच्या आत रक्त पडले, तर ते मूळव्याधच?

“वय अडतीस आहे, शौचाला रक्त पडते. या वयात कॅन्सर कुठला, मूळव्याधच असणार ना?”

बहुतेकदा मूळव्याधच निघते, पण ते तपासून ठरवायचे असते, वयावरून नव्हे. मूळव्याधीचे रक्त सहसा लालभडक असते आणि शौचानंतर थेंबाथेंबाने पडते. मात्र गुदाशयातील गाठीचे रक्तही तसेच दिसू शकते, शिवाय एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात. समजा, याच अडतीस वर्षांच्या गृहस्थांचे हिमोग्लोबिन ९ आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन कमी आले, तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. पुरुषात लोह कमी होण्यामागे आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव असू शकतो, म्हणून बोटाने गुदतपासणी आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करावी लागते. आठवडेन्‌आठवडे टिकणारे जुलाब, शौचाच्या सवयीतील बदल किंवा पोटदुखी यांचीही अशीच दखल घ्यावी.

अमेरिकेत तरुणांमधील मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कॅन्सरचे प्रमाण वाढत गेल्यामुळे तिथल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये चाळणी तपासणीचे वय पन्नासवरून ४५ केले. साध्या गाठीचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात, त्यामुळे ती आधीच काढता येते. मात्र हे ४५ वय लक्षणे नसलेल्यांसाठी आहे (इथेच गल्लत होते); रक्त पडणाऱ्याने, तो तिशीतला असला तरी, पंचेचाळिशीची वाट पाहायची नसते. आई, वडील किंवा भावंडाला हा कॅन्सर झाला असेल, तर लक्षणे नसतानाही तपासणी साधारण चाळिशीला किंवा नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा, सुरू करतात.