अक्षर एकच, पण ऐकू येतं का?

"ओळीत एकच अक्षर जितक्या जास्त वेळा येईल, तितकी ती लक्षात राहते ना?"

नाही. अनुप्रास दोन शब्दांना कानात जोडतो, त्यामुळे कोणते शब्द जोडले जातात हे महत्त्वाचं. पंख्याच्या जाहिरातीची ओळ घ्या: 'मस्त, मंद, मधुर, मोहक वारा'. 'म' चार वेळा आला, पण चारही विशेषणं जवळपास तेच सांगतात आणि 'वारा' बाहेरच राहिला. आता 'वीज वाचवा, वारा वाढवा'. इथेही चारच शब्द 'व'ने सुरू होतात, पण शब्दागणिक अर्थ पुढे सरकतो. विकायची गोष्ट, म्हणजे वारा, साखळीच्या आत आहे. तरी कंपनीचं नाव त्या नादात बसलं नसेल, तर ओळ आठवते आणि नाव विसरतं.

शिवाय मोजणी कानाने करायची. 'चांदणं' आणि 'चंद्र' कागदावर जुळतात. उच्चारात दोन्ही 'च' वेगळे आहेत.

नादानुकारी शब्दांचंही तसंच. 'झरा खळखळ वाहतो' यात वाचकाला नवं काही मिळत नाही, कारण झऱ्याला खळखळ चिकटलेलीच असते. 'रात्रभर कागद सळसळत राहिले' म्हटलं की खिडकी उघडी असावी, कोणी जागं असावं, असं न सांगता कळतं. पंख्याला मात्र 'घरघर' लावू नका. आवाज हुबेहूब असेल, पण गिऱ्हाईक दुरुस्तीवाल्याला शोधेल. तिथे 'भिरभिर' बरा.